उसवल्याशिवाय न कळणाऱ्या कामाचा भाव

प्रश्न: फोंड्यात माझं छोटं शिवणाचं दुकान आहे. बटण, दुमड, उसवलेली शिवण यांचे वीस-तीस रुपये घेते, पण अर्धा दिवस त्यातच जातो आणि हाती काही लागत नाही. कमीत कमी किती घ्यावेत? आणि अस्तरवाले, खडीकामाचे ड्रेस सैल करायला येतात, त्यांना किती वेळ लागेल ते उसवल्याशिवाय कळत नाही. तिथे भाव आधी कसा सांगायचा?

उत्तर:

उद्या कोणी बटण लावायला आलं की मोबाईलमधलं घड्याळ सुरू करा. दुसरं काम हातात घेतलंत तर ते थांबवा, पुन्हा त्या शर्टाकडे वळलात की चालू करा, आणि गिऱ्हाईक पैसे देऊन पायरी उतरेपर्यंत असंच चालू ठेवा. म्हापशात दुकान टाकलं त्यानंतर काही वर्षांनी मी हे दहा दिवस केलं आणि तोवर माझं कुठे चुकत होतं ते मला त्या दहा दिवसांत कळलं.

बटण लावायला चार मिनिटं लागतात. पण त्याआधी शर्ट हातात घेऊन काय हवं ते ऐकायचं, बाकीची बटणं घट्ट आहेत का बघायची, चिठ्ठी लिहून टाचायची, यात पाच मिनिटं जातात. जुळणारं बटण आणि त्याच रंगाचा दोरा शोधायला तीन मिनिटं. नंतर दोऱ्याची टोकं कापायची, जागा इस्त्रीने बसवायची, घडी घालायची, तीन मिनिटं. आणि दोन दिवसांनी ती बाई येते तेव्हा ढिगातून शर्ट काढायचा, दाखवायचा, सुटे पैसे शोधायचे, पाच मिनिटं. सगळी मिळून वीस मिनिटं झाली आणि सुई चालली फक्त चार मिनिटं. तुम्ही वीस रुपये घेता ते त्या चार मिनिटांचे घेता. उरलेली सोळा मिनिटं रोज फुकट जातात, तोच तुमचा अर्धा दिवस.

म्हणून कमीत कमी दर टाक्यांवर ठरवू नका. कपडा दुकानात येणं आणि परत जाणं, याला जो वेळ लागतो तो भरून निघेल एवढा दर हवा. आता त्या वेळाची किंमत काढू. मी सोपे आकडे घेते, तुम्ही तुमचे घाला. दुकानाचं भाडं ६,०००, वीज १,०००, दोरे-सुया-तेल-चेन-कॅनव्हास १,२००, मशीनच्या दुरुस्तीसाठी बाजूला ६००. हे झाले ८,८००. त्यात तुमचा स्वतःचा पगार २०,०००. पुष्कळ बायका हा पगार धरतच नाहीत, महिन्याच्या शेवटी उरेल तो आपला म्हणतात, आणि मग काहीच उरत नाही. एकूण २८,८००.

आता तास. महिन्याचे २६ दिवस, रोज आठ तास म्हणजे २०८ तास दुकान उघडं. पण वीज जाते, पावसात दुपारी कोणी फिरकत नाही, दोरा-अस्तर आणायला बाजारात जावं लागतं, झाडलोट असते. माझ्या वहीप्रमाणे कुठल्या ना कुठल्या गिऱ्हाइकाच्या कामावर, काउंटरवरचं बोलणं धरून, साधारण १६० तास पडतात. २८,८०० भागिले १६०, म्हणजे तासाला १८० रुपये, मिनिटाला तीन.

इथे एक घोटाळा होतो, तो सांभाळा. हे १६० तास काउंटरचा वेळ धरून आहेत, म्हणून प्रत्येक कामातही काउंटरचा वेळ मोजायचाच. कोणी फक्त मशीनवरचे तास घेऊन भागाकार करतं, मग दर मिनिटाला चारच्या वर जातो, आणि त्यावर परत काउंटरची मिनिटंही लावतं. एकच वेळ दोनदा वसूल झाला की भाव अवाच्या सवा वाटतो आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. दोन्हींतली एक रीत धरा आणि तीच ठेवा. मला पहिली बरी वाटते, कारण तिच्यात लहान कामाचा खरा खर्च डोळ्यांना दिसतो.

बटणाची वीस मिनिटं गुणिले तीन, साठ रुपये. या आकड्यांवर हा कमीत कमी दर झाला. याच्या खाली कुठलंही काम दुकानात घ्यायचं नाही.

साठ ऐकून लोक दचकतात, हे मला माहीत आहे. पण एक गोष्ट नीट केलीत तर वाद जवळजवळ होत नाहीत: हा दर कपड्याला लावू नका, पिशवीला लावा. एकाच माणसाने एकाच वेळी आणलेली आणि एकाच वेळी न्यायची सगळी कामं म्हणजे एक पिशवी. घेणं, चिठ्ठी, शोधणं, परत देणं हे पिशवीला एकदाच होतं. मग दुसऱ्या शर्टाचं बटण त्याच पांढऱ्या दोऱ्याने लावायचं असेल तर त्याला खरोखर पाच मिनिटंच लागतात, त्याचे पंधरा घ्या. गिऱ्हाइकाला सांगायचं, ‘एका बटणाचे साठ, पण घरात आणखी काही उसवलेलं असेल तर घेऊन या, त्याचे थोडेच पडतील.’ बाई घरी जाते आणि चार कपडे घेऊन येते. तिचं काम स्वस्तात होतं आणि तुमचा एकही मिनिट बुडत नाही. फक्त दोरा बदलला की हा हिशोब बदलतो. पांढऱ्या शर्टानंतर जीन्सची दुमड आली तर वरचा दोरा, बॉबिन आणि सुईही बदलावी लागते. शर्टाला ११ किंवा १४ नंबरची चालते, जीन्सच्या जाड जोडावर १६ किंवा १८ लागते. तेव्हा जीन्स वेगळी मोजा.

शुक्रवारच्या बाजाराला गावातून आलेली माणसं बसची वेळ सांगून समोर उभी राहतात. हातातलं काम उतरवून त्यांचं करायचं आणि मग परत पहिलं चढवायचं, यात दोरा दोनदा बदलतो. त्याची सहा-सात मिनिटं धरून मी वीस रुपये जास्त घेते आणि तसं सांगते. शाळा सुरू होताना गणवेशाच्या दुमडी येतात त्यांचा मी एक दिवस ठरवून देते आणि सगळ्या एका रंगाच्या दोऱ्यावर एकत्र मारते. त्या दिवशी चाळीसलाही परवडतं, कारण वेळच कमी लागतो. सूट देताना वेळ कुठे वाचला ते दिसलं पाहिजे. ओळखीसाठी सूट द्यायची तर खुशाल द्या, पण वहीत साठ लिहा आणि पुढे ‘वीस सोडले’ असं लिहा. महिन्याला किती सोडले ते निदान तुम्हाला कळेल.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण बटणात दहा-वीस बुडतात, इथे एका ड्रेसमध्ये दिवस बुडतो.

अशा कामाचा अंदाज आपण नेहमी कमी का धरतो ते आधी बघा. माझ्या वहीतून अस्तरवाला ड्रेस बाजूंनी सैल करण्याची पाच कामं देते: ५० मिनिटं, ५५, ६०, ७० आणि १६५. कोणी विचारलं तर मी म्हणणार, तासाभराचं काम. आणि ते खोटंही नाही, चार कामं त्याच्या आसपासच आहेत. पण पाचांची बेरीज ४००, म्हणजे सरासरी ८०. काम सोपं निघालं तर दहा मिनिटं वाचतात, अवघड निघालं तर दीड-दोन तास जातात. वाचतं थोडं, जातं पुष्कळ. म्हणून नेहमीच्या वेळेवर भाव सांगणारी शिंपीण पाचांतल्या एका कामात बाकी चारांची कमाई घालवते. १८० सांगण्याऐवजी २४० सांगणं हा पहिला उपाय. पण तो अर्धाच आहे, कारण मग सोप्या ड्रेसवाल्या चौघी पाचवीचे पैसे भरतात. त्या पाचव्या ड्रेसला आधीच ओळखता आलं पाहिजे, आणि बहुतेक वेळा ओळखता येतं.

ओळखायचं कसं ते एका ड्रेसवरूनच सांगते. गेल्या हिवाळ्यात लग्नसराईत एक मुलगी अनारकली घेऊन आली. जॉर्जेट, आत अस्तर, छातीवर आणि काखेपर्यंत आरीचं मणीकाम. चुलतबहिणीच्या लग्नाला घालायचा होता, छातीत दोन इंच सैल हवा होता.

दोन इंच म्हणजे काय ते आधी मनात मांडा. दोन बाजूंच्या दोन शिवणी, प्रत्येक शिवणीत पुढचा आणि मागचा असे दोन काठ, म्हणजे चार काठ. प्रत्येक काठाने अर्धा इंच दिला की दोन इंच होतात. शिवण मारल्यावर आत निदान पाव इंच माया उरली पाहिजे, नाहीतर पहिल्याच नाचात ती फाटेल. म्हणजे प्रत्येक काठाला आत पाऊण इंच तरी माया हवी, वरच्या कापडाला आणि अस्तरालाही. शिंप्याकडे शिवलेल्या ड्रेसला ती बहुधा असते. रेडीमेडला पुष्कळदा जेमतेम बोटाच्या पेराएवढी असते आणि तीही ओव्हरलॉकने कापलेली.

ही माया काउंटरवरच बघायची. ड्रेस उलटा करा. घेराला अस्तर सुटं लोंबत असेल तर खालून हात घालून थेट काखेपर्यंत बघता येतं, उसवावं लागतच नाही. तसं असेल तर तिथल्या तिथे पक्का भाव सांगा. या मुलीच्या ड्रेसचं अस्तर घेराला शिवून बंद केलेलं होतं. मग शिवण अंगठा आणि तर्जनीत धरून चिमटीत फिरवायची. आत मायेची कड बोटाला लागते, ती कुठे संपते ते कळतं. माझ्या बोटाला एक कड रुंद लागली आणि एक अरुंद, पण कुठली कापडाची आणि कुठली अस्तराची हे बाहेरून सांगता येईना. शिवाय मणी शिवणीत घुसलेले दिसत होते. म्हणजे दोन खुणा झाल्या: माया नक्की नाही, आणि शिवणीवर मणी. यातली एकही खूण दिसली तर मी पक्का भाव सांगत नाही.

तिला मी असं सांगितलं: ‘हा उसवल्याशिवाय कळणार नाही. उसवून बघायचे शंभर. आत कापड असेल तर सगळं मिळून साडेतीनशेपर्यंत होईल. नसेल तर जास्त लागेल, पण सहाशेच्या वर तुला विचारल्याशिवाय जाणार नाही. बघून झालं की फोन करते. तू नको म्हणालीस तर होता तसा शिवून देईन, शंभरच घेईन.’ तिने लगेच हो म्हटलं. आकडा मोठा आहे म्हणून लोक भांडत नाहीत, साडेतीनशे ऐकून घरी गेल्यावर साडेपाचशे झाले की भांडतात.

हे शंभर कुठून आले? घेताना मापं, टाचण्या आणि चिठ्ठीला दहा मिनिटं, उसवून बघायला, फोटो काढायला आणि फोन करायला पंचवीस. पस्तीस मिनिटांचे १०५, पाच सोडले. हे शंभर एकूण रकमेच्या आतलेच, वेगळे नव्हेत. पण काम पुढे गेलं नाही तरी ते घ्यायचे आणि आधीच हातात घ्यायचे. पूर्वी मी ‘बघून सांगते’ म्हणून फुकट उसवायचे. दोन दिवसांनी गिऱ्हाईक म्हणायचं, राहू दे, आणि मी होतं तसं शिवूनही द्यायचे. त्यात माझी संध्याकाळ जायची आणि चूक माझीच होती, उसवणं हेही काम आहे हे मीच मानत नव्हते.

उसवताना फक्त डाव्या काखेखाली सहा इंच अस्तर उघडलं. वरच्या कापडाला एक इंच माया होती, फार चांगली. अस्तराला मात्र जेमतेम तीन सूत. अस्तर सुटणार नाही म्हणजे वरचं कापड सुटून काही उपयोग नाही, घातल्यावर आतून आवळणार. उपाय म्हणजे अस्तरालाच काखेपासून कमरेपर्यंत सुती पट्टी जोडणं. ती बाहेरून दिसत नाही. मग कापड दाराशी उजेडात नेऊन बघितलं. हे ट्यूबखाली करू नका. जुनी शिवण उसवली की तिथे सुईची भोकं राहतात, आणि आत दडलेलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद असू शकतं, विशेषतः ड्रेस बऱ्याच वेळा धुतलेला असेल तर. सुती कापडाची भोकं वाफ देऊन नखाने घासली की मिटतात, जॉर्जेटचीही बरीचशी. सॅटिन, टाफेटा आणि रेक्झिनची मिटत नाहीत. हिच्या ड्रेसचा रंग सारखा होता. फोटो काढला, फोन केला: ‘कापड आहे, अस्तराला पट्टी लागेल, बाजूंचे मणी काढावे लागतील, साडेपाचशेच्या आत होईल.’ ती करा म्हणाली.

मण्यांची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण वेळ तिथेच फसवतो. मण्यावर सुई पडली की सुई मोडते आणि मोडकं टोक कापडात जातं. म्हणून नव्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना सुमारे पाव इंच जागा मोकळी लागते. पण आरीचं काम म्हणजे साखळी टाका. त्याचा दोरा कात्रीने कापला आणि चुकीचं टोक ओढलं गेलं तर अख्खी ओळ उसवत जाते, मणी टपटप खाली. म्हणून दोरा न कापता मणी पकडीने एकेक फोडायचा, चष्मा लावून आणि खाली कागद पसरून, काच उडते. मग उरलेल्या ओळीचं टोक उलट्या बाजूने सुईने गाठ मारून अडकवायचं. या ड्रेसला दोन्ही बाजू मिळून पंचवीस मिनिटं गेली, मणी थोडेच होते. दाट काम असेल तर एवढ्यातच तास जाईल. तेव्हा काउंटरवरच दोन्ही शिवणींवरचे मणी मोजा आणि चिठ्ठीवर आकडा लिहा.

पूर्ण हिशोब असा पडला. घेताना दहा, उघडून बघणं आणि फोन पंचवीस, दोन्ही बाजू उसवणं तीस, मणी पंचवीस, अस्तराच्या पट्ट्या चाळीस, शिवण पंचवीस, इस्त्री पंधरा, घालून बघणं आणि देणं दहा. १८० मिनिटं, ५४० रुपये. पट्टी आणि मणी वगळले तर ११५ मिनिटं, ३४५. काउंटरवर सांगितलेले साडेतीनशे आणि सहाशे हे असेच काढलेले होते: सगळं सरळ गेलं तर किती, आणि दिसलेल्या खुणा खऱ्या निघाल्या तर किती, वर थोडी जागा. मनाला येईल तो मोठा आकडा सांगितला तर गिऱ्हाईक आणि तुम्ही दोघंही त्यावर विश्वास ठेवणार नाही.

या रीतीत माझे दोन नियम पक्के आहेत. वेळ कपड्यामुळे वाढला तर तो गिऱ्हाइकाचा, माझा हात चुकला तर तो माझा. पट्टी तिरकी बसली आणि मी ती परत उसवली तर त्या वीस मिनिटांचे पैसे मी लावत नाही. आणि सहाशे म्हटलं तर सहाशेच्या आधी फोन करायचा, सहाशे ओलांडल्यावर नाही. अर्धं काम झाल्यावर विचारलं तर बिचारी नाही म्हणूच शकत नाही. ते विचारणं नव्हे, अडवणं आहे.

सगळीच कामं या रीतीने घेऊ नका. पावसाळ्यात जॅकेटच्या आणि पँटच्या चेनी येतात, इथल्या खाऱ्या दमट हवेत धातूचा रनर पटकन गंजतो. त्यात उसवून बघण्यासारखं काही नाही. चेन बंद होऊन रनरच्या मागे परत उघडत असेल आणि दात सगळे जागेवर असतील तर रनर झिजलाय, तो बदला, कमीत कमी दर अधिक रनरची किंमत. दात गेला असेल किंवा पट्टी फाटली असेल तर पूर्ण चेन. दोन भाव फळ्यावर लिहून ठेवा, बोलणंही लागत नाही.

आणि जिथे कपड्याची किंमत तुमच्या मजुरीच्या मानाने फार मोठी आहे आणि भोकं मिटणार नाहीत, तिथे भाव सांगूच नका. एकीने सॅटिनचा लग्नाचा गाऊन एक इंच सैल करायला आणला होता. शिवण हलवली असती तर जुनी रेघ दोन्ही बाजूंना वरून खालपर्यंत दिसली असती. मी तिला माझ्या कपाटातल्या सॅटिनच्या तुकड्यावर चार टाके मारून, उसवून, इस्त्री फिरवून दाखवलं. रेघ तिच्या डोळ्यांनी तिने बघितली आणि मग आम्ही पाठीमागची चेन काढून तिथे नाडीची वेणी बसवली. ते काम सरळ होतं, त्याचा भाव मी तिथेच पक्का सांगितला.